भेंडीची तार आणि चौदावा दिवस

"अकरा महिने प्रयत्न चालू आहेत. दर महिन्याला बरोबर चौदाव्या दिवशी संबंध ठेवतो. नंतर मी कमरेखाली उशी घेऊन अर्धा तास हलत नाही, तरी उठलं की सगळं बाहेर येतं. कोरडेपणामुळे जेल लावावं लागतं, त्यानंच अडत असेल का? रोज ठेवलं तर वीर्य पातळ होतं म्हणून हे आधी दहा दिवस थांबतात. आमचं नक्की काय चुकतंय?"

शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण मूल राहत नाही म्हणून विचारलेला हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत, समोरच्या खुर्चीत दर पंधरवड्याला येऊन बसतो. कधी बाई एकटी येते, कधी आईला घेऊन, क्वचित नवराबायको दोघं. 'चौदावा दिवस' मात्र सगळ्यांच्या तोंडी असतो. वरच्या शब्दांत ज्यांनी विचारलं, त्या जोडप्याची हकीकत त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे आणि आठ बैठका चार-पाच प्रसंगांत बसवल्या आहेत.

ती २९ वर्षांची, तो ३३ चा. नाशिकमध्ये सासूबाईंसह राहतात. त्याची कारखान्यातली नोकरी: एक आठवडा पहिली पाळी, एक दुसरी, एक रात्रपाळी. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात दोन पाळ्यांचा मेळ लागत नाही, ह्यांची आणि माझी." तो हसला नाही. फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि भिंतीकडे बघत राहिला.

त्यांनी जाडजूड फाइल आणली होती. सोनोग्राफी, थायरॉइड, वीर्य तपासणी, सगळं ठीक. 'नॉर्मल आहे, प्रयत्न चालू ठेवा' असं दोन ठिकाणी सांगितलेलं. मी फाइल मिटून बाजूला ठेवली. प्रयत्न म्हणजे काय, हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, आणि माझ्या अनुभवात निम्मं उत्तर तिथंच असतं.

"पाळी किती दिवसांनी येते?"

"रेग्युलर आहे मॅडम. अगदी वेळेवर."

"वेळेवर म्हणजे किती दिवसांनी?"

"चौतीस-पस्तीस. कधी छत्तीस."

मग मी पहिल्या दिवसापासून सांगायला सांगितलं. पाळी पाच दिवस. त्यानंतर 'साठा' व्हावा म्हणून पूर्ण थांबायचं. बाराव्या दिवशी एकदा, चौदाव्या दिवशी एकदा. तेराव्याला नाही, कारण सासूबाईंना कुणीतरी सांगितलेलं की सम दिवशी मुलगा होतो. चौदाव्यानंतर पाळीची तारीख येईपर्यंत परत थांबायचं, कारण 'राहिलं असेल तर धक्का नको'. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी आणि सिलिंडरच्या तारखेखाली दोन-दोन गोल केलेले. त्या पानांचे फोटो तिच्या फोनमध्ये होते.

इतका काटेकोरपणा मी क्वचित पाहिला आहे. आणि तो सगळा चुकीच्या आठवड्यात खर्च झाला होता.

अंडं बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंत साधारण बारा ते चौदा दिवस जातात. हा काळ फारसा बदलत नाही. पाळी उशिरा येणाऱ्या बाईचा लांबतो तो त्याच्या आधीचा काळ. म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी पाळी येत असेल तर अंडं चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं, आणि 'चौदावा दिवस' आला तो तिथूनच. पस्तीस दिवसांच्या चक्रात मात्र पस्तिसातून चौदा वजा करायचे. येतो एकविसावा. तिच्याकडे अंडं तयार होऊन बाहेर यायला आठवडा बाकी असताना हे दोघं आपलं कर्तव्य आटोपून थांबत होते.

आता दिवस किती मिळतात ते बघू. अंडं सुटल्यावर जेमतेम बारा ते चोवीस तास टिकतं. शुक्राणू मात्र योग्य स्राव असेल तर आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून गर्भधारणेची संधी सहा दिवसांची: अंडं सुटण्याआधीचे पाच आणि तो सहावा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये २२१ स्त्रियांच्या रोजच्या नोंदी तपासून १९९५ साली हे सहा दिवस दाखवले गेले. गर्भ राहिला तो याच सहा दिवसांतल्या संबंधातून, दुसऱ्या दिवशीपासून दार बंद. सर्वांत चांगले ते शेवटचे दोन-तीन दिवस. एसटी लागायच्या आधी स्टँडवर असावं लागतं, तसं शुक्राणूंनी आधी पोचून थांबलेलं बरं. गाडी गेल्यावर धावून उपयोग नाही. सम आणि विषम दिवसांचंही याच अभ्यासात आवरतं: संबंध अंडं सुटण्याच्या कितीही आधी झाला असला तरी मुलगा की मुलगी यावर त्याचा काही परिणाम दिसला नाही. सासूबाईंनी तेरावा दिवस सोडायला लावून फक्त एक दिवस घालवला. तोही कामाचा नव्हता, हा भाग वेगळा.

मी तिला तिच्या पानांवर दुसऱ्या रंगानं सहा-सहा दिवस रंगवायला लावले. अकरा महिन्यांत नऊ पूर्ण चक्रं भरली होती. रंगवलेल्या चौकोनांत संबंधाची खूण फक्त दोनदा सापडली. एकदा ते गावी लग्नाला गेले होते तेव्हाची आणि एकदा त्याच्या वाढदिवसाची. दोन्ही वेळा 'प्रयत्न' चालू नव्हता.

तो पहिल्यांदा बोलला. "म्हणजे आम्ही अकरा महिने प्रयत्नच केला नाही?"

"दोनदा केलात," मी म्हटलं.

तारखांचं गणित मात्र फार ताणू नये, असंही त्यांना लगेच सांगितलं. पाळी नियमित असली तरी अंडं दर वेळी त्याच दिवशी सुटेल असं नाही. ताप, प्रवास, जागरण यांनी ते काही दिवस पुढे सरकू शकतं. म्हणून मी तारखेपेक्षा शरीराला जास्त मानते. त्यासाठी तिला एक साधा प्रश्न विचारला: महिन्याच्या मधल्या काळात अंगावरून काय जातं?

ती गप्प झाली. नवऱ्याकडे पाहिलं. मी त्याला बाहेर चहा घेऊन यायला सांगितलं.

"मला पांढरं जायचा त्रास आहे मॅडम," ती खालच्या आवाजात म्हणाली. "लग्नाआधीपासून. पूर्ण महिना नाही, मध्येच चार-पाच दिवस. त्यासाठी गोळ्या पण घेतल्यात. त्या दिवसांत मी ह्यांना जवळ येऊ देत नाही."

"कसं असतं ते?"

"पांढरं पण नाही. पाण्यासारखं, बुळबुळीत. तार येते. भेंडी चिरताना येते ना, तशी."

"खाज? वास?"

"नाही."

"किती दिवसांनी बंद होतं?"

"आपोआप जातं. मग पंधराएक दिवसांनी पाळी येते."

मी थोडा वेळ काही बोलले नाही. बावीस वर्षांच्या कामात असे क्षण थोडेच येतात. समोरच्या माणसानं सगळं उत्तर स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं असतं आणि त्याला ते माहीत नसतं. पुस्तकात या स्रावाला 'अंड्यातल्या पांढऱ्यासारखा' म्हणतात. ज्या घरात अंडं फोडलेलं नाही तिथं ही उपमा निरुपयोगी आहे, हे मला तिच्याकडून कळलं. तेव्हापासून मी सगळ्यांना भेंडीच सांगते.

गर्भाशयाच्या तोंडाशी जो स्राव बनतो तो एरवी घट्ट असतो, बुचासारखा, शुक्राणूंना आत जाऊ न देणारा. अंडं तयार होत आलं की इस्ट्रोजेन वाढतं आणि तोच स्राव पातळ, पारदर्शक, ताणला तर दोन बोटांत तार धरणारा होतो. शुक्राणू त्यातूनच वर जातात, त्यातच तग धरतात. तार सर्वांत लांब आणि बुळबुळ सर्वांत जास्त असते ते दिवस म्हणजे अंडं सुटण्याच्या अगदी तोंडावरचे. त्यानंतर एक-दोन दिवसांत स्राव परत चिकट, कोरडा होतो. तिचं शरीर दर महिन्याला पाटी लावून सांगत होतं, आणि ती त्याला आजार समजून दार लावून घेत होती. गोळ्याही खाल्ल्या होत्या.

हे तिला समजावल्यावर ती रडली, आणि मग हसायला लागली. "आई म्हणायची, हाडं झिजतात त्यानं." ही समजूत अनेक घरांत आहे आणि तिच्यापायी किती बायका या दिवसांना घाबरतात ते मी रोज बघते. इथं एक सांगायला हवं: दह्याच्या गाठींसारखं, हिरवट-पिवळं, वास येणारं, खाज किंवा जळजळ करणारं काही असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो, आणि त्याला स्त्रीरोगतज्ज्ञाचीच गाठ घ्यायची. आतून पाण्यानं किंवा कुठल्याही औषधी द्रवानं धुवायचं मात्र कुठल्याच कारणानं नाही.

तिनं पर्समधून किटचं रिकामं पाकीटही काढलं. औषधाच्या दुकानात मिळतं ते, लघवीवर करायचं, अंडं सुटण्याआधी वाढणारं संप्रेरक दाखवणारं. पाच पट्ट्या. बाराव्या दिवसापासून सोळाव्यापर्यंत तिनं त्या दोन महिने वापरल्या, आणि दहाही वेळा एकच ठळक रेघ. त्यावरून तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं की आपल्यात अंडंच तयार होत नाही. पस्तीस दिवसांच्या चक्रात पट्टी अठराव्या दिवसाच्या आसपास सुरू करायची असते. चक्राच्या दिवसांतून सतरा वजा करा, येईल तो पहिला दिवस. दुसरी रेघ पहिलीइतकी किंवा तिच्याहून ठळक दिसली की पुढच्या दीडेक दिवसात अंडं सुटण्याची शक्यता असते. मी किट सक्तीनं कुणाला सांगत नाही. ज्यांना भेंडीची तार ओळखता येते त्यांचे ते पैसे वाचतात, आणि रोज सकाळी रेघ शोधत बसण्यानं घरातलं वातावरण बिघडतं ते वेगळंच.

पुढची बैठक त्याच्या एकट्याबरोबर घेतली. नवरे बायकोसमोर हे बोलत नाहीत.

"दहा दिवस का थांबता?"

"लॅबवाल्यानंच सांगितलेलं, तीन दिवस संबंध ठेवू नका, मग सॅम्पल चांगलं येतं. मग मी म्हटलं तीन दिवसांत चांगलं, तर दहा दिवसांत अजून चांगलं."

हा घोळ मी आधीही ऐकला आहे आणि त्यात त्याचा काही दोष नाही. तपासणीआधी दोन ते सात दिवस थांबायला सांगतात ते सगळ्यांची मोजणी एकाच मापानं व्हावी म्हणून. मूल होण्यासाठीचा तो सल्ला नव्हे. शुक्राणू रोज कोट्यवधींनी तयार होतात. त्यांचा साठा म्हणजे बँकेतली ठेव नाही, भाजीची टोपली आहे: जास्त दिवस ठेवली की संख्या दिसते भरपूर, पण त्यात जुने, मंद झालेले शुक्राणूच जास्त. दोन दिवसांच्या अंतरानंही संख्या ठीक राहते. ज्यांची तपासणी ठीक आहे त्यांच्यात रोज संबंध आले तरी शुक्राणूंचं प्रमाण आणि हालचाल सहसा कमी पडत नाही. वीर्य थोडं कमी आणि पातळ दिसतं, पण दिसण्यावरून आतल्या शुक्राणूंबद्दल काहीच कळत नाही.

तो ऐकत होता, पण त्याच्या मनात दुसरंच काही असावं. दहा मिनिटांनी ते बाहेर आलं. "चौदाव्या दिवशी कधीकधी होतच नाही मॅडम. रात्रपाळी करून आलेलो असतो. ती म्हणते आजच आहे. आई बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज मोठा करून बसते. मला कळतं का केलाय ते. मग काही होत नाही. बाकी दिवशी असं नसतं."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं काम करते, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या. तिचा गाभा एवढाच की माणसाला प्रसंग जेवढा छळत नाही तेवढा त्याबद्दलचा 'झालंच पाहिजे' हा आग्रह छळतो. मराठीत तो आग्रह एका अक्षरात मावतो. मी त्याला त्याचंच वाक्य कागदावर लिहून दिलं: 'आजच व्हायला पाहिजे.' आणि विचारलं, यातलं सर्वांत जड अक्षर कोणतं?

त्यानं बराच वेळ बघितलं. मग 'च' वर बोट ठेवलं.

"खोडा," मी म्हटलं.

'आज व्हायला पाहिजे' यात इच्छा उरली, फर्मान गेलं. पण नुसतं अक्षर खोडून शरीर ऐकत नाही. त्याला आधार लागतो, आणि तो आधार गणितानं दिला. एक दिवसाआड संबंध आले तर सहा दिवसांच्या संधीत तीनदा गाठ पडतेच. मग कुठलाही एक दिवस 'तो' दिवस राहत नाही. आज नाही जमलं, तर परवा आहे. आधीच्या वेळचे शुक्राणू आतच थांबलेले असतील. डॉक्टर 'एक दिवसाआड' सांगतात तेव्हा लोकांना वाटतं ते वीर्य भरून यायला वेळ मिळावा म्हणून. मला त्याचं खरं मोल वेगळं दिसतं: रोज ठेवण्याचा ताण नाही आणि एका दिवसाचा दबावही नाही. ज्यांना रोज आवडतं त्यांनी रोज ठेवावं, त्यात काही बिघडत नाही. उलट रोजवाल्यांची शक्यता किंचित जास्तच भरते. पण तीन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाला 'रोज' सांगणं म्हणजे दुसरी ड्यूटी लावणं.

आम्ही तिघांनी मिळून त्यांचा महिना मांडला. तेराव्या दिवसापासून एक दिवसाआड, तेविसाव्यापर्यंत. तार दिसायला लागली की शक्य असेल तर थोडं जास्त. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी सातला तो घरी येतो आणि साडेसातला सासूबाई देवळात जातात, ही माहिती त्यानंच लाजत पुरवली. वेळ सकाळची की रात्रीची यानं काही अडत नाही. तिचा गुरुवारचा उपास आणि संकष्टी हे मी मोडायला सांगितलं नाही. एक दिवसाआडच्या गणितात एखादा उपास सहज सामावतो. फक्त मध्ये दोन दिवसांहून मोठी फट पडू द्यायची नाही. आणि चौदाव्यानंतरची ती 'धक्का नको'ची बंदी पूर्ण उठवली. निरोगी बाईला संबंधानं गर्भाला धक्का लागत नाही, आणि आत रुजण्याच्या तयारीत असलेला गर्भ निसटतही नाही. कॅलेंडरवरचे गोल तिनं स्वतः बंद केले. सासूबाईंना काय सांगायचं हा प्रश्न आला, तेव्हा 'डॉक्टरांनी नवीन औषध दिलंय' असं सांगायचं तिनंच ठरवलं. मी त्यावर मत दिलं नाही.

आता जेल. तिच्याकडे औषधाच्या दुकानातलं नेहमीचं, पाण्यात विरघळणारं जेल होतं. प्रयोगशाळेत अशी बरीच जेल शुक्राणूंत मिसळली की तासाभरात त्यांची हालचाल फार मंदावते, हे खरं आहे. यातली काही जेल योनीच्या आम्लतेशी जुळावीत म्हणून आम्लधर्मी ठेवलेली असतात, आणि शुक्राणूंना आम्ल मानवत नाही. काहींत ग्लिसरीनसारखे पदार्थ इतके दाट असतात की ते शुक्राणूतलं पाणी ओढून घेतात. थुंकीही चांगली नाही, तिच्यानंही हालचाल कमी होते. पण काचेच्या बशीत जे होतं ते अंथरुणात होईलच असं नाही. मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या जोडप्यांची पाहणी झाली तेव्हा जेल वापरणाऱ्यांना जास्त महिने लागले असं आढळलं नाही. म्हणून 'जेलनं अकरा महिने खाल्ले' असं मी तिला म्हणू दिलं नाही. तरी हाताशी पर्याय असताना धोका कशाला? गर्भधारणेच्या प्रयत्नात चालतील अशी, आम्लता आणि दाटपणा शुक्राणूंना मानवेल असा ठेवलेली जेल मिळतात आणि पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. वाटाण्याएवढं, दाराशी लावायचं, आत ओतायचं नाही. आणि पाकिटावर नॉनॉक्सिनॉल-९ हे नाव दिसलं तर ते परत ठेवायचं, कारण ते शुक्राणू मारण्यासाठीच असतं.

पण या प्रकरणात मला जेलपेक्षा कोरडेपणा महत्त्वाचा वाटला. पस्तीस दिवसांच्या चक्रात बारावा-चौदावा दिवस म्हणजे तार सुरू व्हायच्या आधीचा काळ. शरीर अजून ओलं झालेलं नाही, मनात इच्छा नाही, बाहेर टीव्ही मोठ्यानं चालू आहे. कोरडं नसतं तरच नवल. हा कोरडेपणाच सांगत होता की दिवस चुकीचा आहे. दुसऱ्या महिन्यात ती म्हणाली की तारेच्या दिवसांत जेलची ट्यूब उघडावीच लागली नाही. सगळ्यांचं असं होत नाही. दर वेळी दुखत असेल, शिरकावच होत नसेल, तर जेलवर वेळ घालवू नये. स्त्रीरोगतज्ज्ञाला 'दुखतं' एवढा एक शब्द स्पष्ट सांगावा. योनीमार्गाचे स्नायू आपोआप आवळले जाण्यावर चांगला उपचार आहे.

उशीचं प्रकरण सर्वांत शेवटी निघालं, कारण ते सोडवायला तिला सर्वांत जड गेलं. तिच्या जावेला एका केंद्रात वीर्य गर्भाशयात सोडण्याचा उपचार झाला होता आणि पंधरा मिनिटं आडवं ठेवलं होतं. तिथून ही चाल घरात आली. त्या उपचारातही पडून राहण्यानं फायदा होतो की नाही यावर अभ्यासांचं एकमत नाही. नैसर्गिक संबंधात तर प्रश्नच वेगळा. वीर्य बाहेर पडल्याबरोबर ते दाट होतं, जेलीसारखं, आणि वीस-तीस मिनिटांत परत पातळ होतं. दरम्यान चपळ शुक्राणू काही मिनिटांतच, कधी सेकंदांतच, गर्भाशयाच्या तोंडाच्या त्या तार धरणाऱ्या स्रावात शिरलेले असतात. उठल्यावर जे येतं ते उरलेलं पाणी आणि मागे राहिलेले शुक्राणू. कोट्यवधींतून मोजकेच पुढे जायचे असतात. बाहेर आलं म्हणजे आत काही राहिलं नाही, हे गणित चुकीचं आहे. उलट काहीच बाहेर आलं नाही, कधीच, तर मी नवऱ्याला विचारीन की स्खलन होतं का, कारण काहींत ते आतच होत नाही किंवा उलटं मूत्राशयात जातं.

"मग कुठल्या पद्धतीनं?" तिनं विचारलं, मान खाली घालूनच.

"ज्या पद्धतीनं तुम्ही दोघं हसू शकता त्या."

अमुक पद्धतीनं गर्भ राहतो असा कुठलाही पुरावा नाही. तिच्या सोनोग्राफीत 'गर्भाशय मागे झुकलेलं' असं लिहिलं होतं आणि शेजारणीनं 'उलटं झोपायला हवं' असा सल्ला दिला होता. साधारण पाचातल्या एका बाईचं गर्भाशय मागे झुकलेलं असतं, ती ठेवण आहे, दोष नाही. अर्धा तास लघवी दाबून पडून राहण्याचा एक दुष्परिणाम मात्र होता: लघवीला जळजळ वारंवार. लघवीचा मार्ग वेगळा आहे, तिथून शुक्राणू वाहून जात नाहीत. संबंधानंतर लगेच जाऊन यावं. उशी हवी तर पाठीला आराम म्हणून ठेवावी.

पहिला नवा महिना गेला. पाळी आली, आणि ती संध्याकाळी फोनवर जवळजवळ ओरडली, "आता तर सगळं बरोबर केलं होतं!" तेव्हा मला पहिल्या दिवशी सांगायला हवी होती ती गोष्ट सांगितली. चूक माझी. वय तिशीच्या आतलं, सगळं ठीक, दिवस अचूक, तरी एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता चारात एक एवढीच. चांगल्या जोडप्यांनाही काही महिने लागतात. शंभरातली पंच्याऐंशीच्या आसपास जोडपी वर्षभरात पोचतात, बाकीच्यांना तपासणी लागते. या हिशेबात त्यांचे मागचे अकरा महिने मी धरले नाहीत. त्यांचं वर्ष आता सुरू झालं होतं.

हा हिशेब सगळ्यांना लागू नाही. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच तज्ज्ञाकडे जावं. पाळी चाळीस-पन्नास दिवस येत नाही, किंवा दर महिन्याला वेगळीच असते. पूर्वी पोटात संसर्ग, क्षयरोग किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली आहे. नवऱ्याच्या अंडकोषाची लहानपणी शस्त्रक्रिया झाली आहे किंवा वीर्यात दोष आढळला आहे. यातलं काहीही असेल तर वाट बघत बसूच नये. तिथं तार शोधण्यात महिने घालवणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे. संबंधच होत नसतील तर वर्षाचा नियमही लागत नाही, मदत लगेच घ्यावी.

तीन महिने गेले. त्यांनी माझ्याकडे येणं कमी केलं, मीही काही म्हटलं नाही. पाचव्या महिन्यात तिची पाळी अडतीस दिवस झाले तरी आली नाही आणि त्याची सकाळची ड्यूटी संपल्यावर दोघं थेट माझ्याकडे आले. चाचणीची पट्टी तिनं रुमालात गुंडाळून आणली होती, दोन रेघा. डॉक्टरांनी विचारलं होतं, कधी राहिलं असेल? त्या महिन्यात कॅलेंडरवर गोल नव्हते.

"कुठला दिवस ते आम्हाला कळलंच नाही मॅडम," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "मला कळलाय. सांगणार नाही."